गुरुत्वमध्य पद्धत (गोदामाची जागा)

अनेक ठिकाणी माल पोचवणाऱ्या एकाच गोदामाची जागा ठरवण्याची गणिती पद्धत. प्रत्येक ठिकाणाचे नकाशावरचे स्थान घेऊन त्याला तिथल्या मागणीचे वजन देतात आणि भारित सरासरी काढतात:

X = Σwx / Σw, Y = Σwy / Σw

नाशिक जिल्ह्यातले एक काल्पनिक उदाहरण घेऊ. महिन्याची मागणी नाशिक शहरात 50 टन, सिन्नरला 20 आणि मालेगावला 30 टन आहे. नाशिक हा आरंभबिंदू धरला, तर सिन्नर साधारण 22 किमी पूर्वेला व 17 किमी दक्षिणेला येते, आणि मालेगाव 77 किमी पूर्वेला व 61 किमी उत्तरेला. X = (20×22 + 30×77)/100 = 27.5 आणि Y = (30×61 − 20×17)/100 = 14.9. हा बिंदू पिंपळगाव बसवंत आणि निफाडच्या दरम्यान, द्राक्षबागांच्या पट्ट्यात पडतो.

उत्तर पटण्यासारखे दिसते, आणि नेमकी इथेच फसगत होते. मालाचे टन गुणिले अंतर अशी बेरीज केली, तर या बिंदूपासून सुमारे 4,240 टन-किलोमीटर भरतात. गोदाम नाशिकलाच ठेवले तर ती बेरीज साधारण 3,500 होते. म्हणजे सूत्राने सुचवलेल्या जागेवर वाहतूक पाचव्या हिश्श्याने वाढते.

याचे कारण असे की भारित सरासरी अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करते, भाडे मात्र अंतराच्या हिशोबाने लागते. वर्ग केल्यामुळे लांबचे मालेगाव आपल्या 30 टनांच्या मानाने कितीतरी जास्त ओढ लावते. अंतरांची बेरीज किमान करणाऱ्या बिंदूचा प्रश्न आल्फ्रेड वेबर यांनी 1909 मध्ये उद्योगांच्या स्थाननिश्चितीसाठी मांडला. त्या बिंदूबाबत एक ठाम नियम आहे: एकूण वजनाचे निम्मे किंवा जास्त वजन एकाच ठिकाणी असेल, तर सर्वोत्तम जागा तेच ठिकाण. इथे नाशिकचे वजन बरोबर निम्मे आहे.

कोणत्याच ठिकाणी निम्मे वजन नसेल, तर 1937 मध्ये वाइसफेल्ड यांनी दिलेली रीत वापरतात. गुरुत्वमध्यापासून सुरुवात करून प्रत्येक ठिकाणाचे वजन त्याच्या अंतराने भागतात, या नव्या वजनांनी पुन्हा सरासरी काढतात आणि बिंदू हलायचा थांबेपर्यंत हेच करत राहतात. स्प्रेडशीटमध्ये हे सहज होते. तेवढेही करायचे नसेल, तरी गुरुत्वमध्य आणि प्रत्येक मागणीचे ठिकाण यांचे टन-किलोमीटर काढून शेजारी ठेवावेत. मोठी चूक तिथेच उघडी पडते.

वजनात नुसते टन घेणे पुरत नाही, प्रत्येक मार्गाचा टनामागचा भाडेदरही गुणावा लागतो. गोदामात येणारा मालही हिशोबात हवा. मुंबईहून कसारा घाट चढून माल येत असेल, तर मुंबई हाही एक बिंदू आहे. मात्र भरलेल्या मोठ्या ट्रकचा दर टनामागे कमी पडत असल्याने या बिंदूचे वजन त्या प्रमाणात उतरते. शेवटी सरळ रेषेतल्या अंतरांच्या जागी रस्त्याची अंतरे घालावीत आणि मुंबई-आग्रा महामार्गालगत प्रत्यक्ष मिळू शकणाऱ्या दोन-तीन जागांचा खर्च त्यांवरून पुन्हा मोजावा.