बोअर पाइल: बेंटोनाइटखालील काँक्रीट आणि त्यातील दोष

इथला बोअर पाइल म्हणजे बेंटोनाइट या बारीक चिकणमातीच्या द्रवाने भरलेल्या बोअरमध्ये जागेवरच ओतलेला काँक्रीटचा पाया-खांब. पाण्यात साधारण ४ ते ६ टक्के बेंटोनाइट कालवून हा द्रव बनतो. बोअरमधली त्याची पातळी भूजलापेक्षा किमान मीटरभर उंच ठेवली, की त्याच्या दाबाने भिंती ढासळत नाहीत. काँक्रीट ओतण्याच्या वेळी मात्र हाच द्रव बाहेर काढावा लागतो, आणि बहुतेक दोष इथेच जन्माला येतात.

काँक्रीट ट्रेमीतून, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या लांब उभ्या पाइपमधून, तळाशी सोडतात. ते खालून वर चढते आणि हलका द्रव वर ढकलत नेते. द्रवाला स्पर्श होतो तो फक्त पहिल्या काँक्रीटचा; पुढचे सगळे त्याच्या पोटात उतरले पाहिजे. त्यासाठी ट्रेमीचे तोंड काँक्रीटमध्ये किमान दीड-दोन मीटर बुडालेले हवे.

१ मीटर व्यासाचा, २० मीटर खोल पाइल घेऊ. ट्रेमी तळापासून २० सेंटिमीटर वर आहे. तोंड दीड मीटर बुडवायला बोअरमध्ये सुमारे १.३ घनमीटर काँक्रीट लागते, शिवाय पाइपमध्ये काही उरते ते वेगळे. पाइपच्या माथ्यावरचा नरसाळ्यासारखा हॉपर अर्ध्या घनमीटरचा असेल, तर पहिल्या सोडीत तोंड जेमतेम ४० सेंटिमीटर बुडते आणि द्रव पाइपमध्ये शिरू शकतो.

आता ६ घनमीटरची पहिली गाडी रिकामी झाली. हिशेबाने काँक्रीट ७.६ मीटर चढून १२.४ मीटर खोलीवर यायला हवे. पण भिंत ढासळून बोअरचे आकारमान १० टक्के वाढले असेल, तर ते १३ मीटरवरच थांबते. कागदावरच्या आकड्यावर विसंबून ट्रेमी वर उचलून तिचे ३ मीटरचे दोन तुकडे काढले, तर तोंड १.४ मीटर बुडालेले वाटते. प्रत्यक्षात पाऊण मीटरच उरते. आणखी थोडे हिसकले की तोंड बाहेर. मग नवे काँक्रीट द्रवातून पडते, सिमेंट धुऊन जाते आणि पाइलच्या पोटात गाळमिश्रित थर राहतो. म्हणून प्रत्येक गाडीनंतर वजन बांधलेल्या टेपने पातळी मोजतात. पाइप किती काढायचा ते टेप ठरवतो, गणित नव्हे.

उलट पातळी हिशेबापेक्षा झपाट्याने वर आली, तर ती अधिक वाईट खूण: बोअर कुठेतरी आवळले आहे किंवा काँक्रीटने गाळ पोटात घेतला आहे.

गाडी उशिरा आली की दुसरा धोका. आधीचे काँक्रीट घट्ट होते. नवे ते सगळे उचलण्याऐवजी पाइपलगत वाट फोडून वर येते आणि कडेला, केजच्या म्हणजे सळ्यांच्या पिंजऱ्याच्या बाहेर, द्रवाचे खिसे अडकतात. दाट केजमध्ये हे अधिक घडते, कारण सळ्यांमधून काँक्रीट बाहेर पसरतच नाही. सळ्यांबाहेरचे काँक्रीटचे आच्छादन मग नावापुरतेच.

तळाच्या गाळाचे मूळ आधीच असते. केज उतरवताना भिंत खरवडते आणि वाळू द्रवात तरंगते, म्हणून ओतण्याआधी तळाचा द्रव फिरवून बदलतात आणि त्याची घनता पुन्हा तपासतात. अडकलेल्या थराचा सुगावा ध्वनी-चाचणीत लहरींच्या वाढलेल्या प्रवासवेळेवरून लागतो. त्यासाठी केजला नळ्या आधीच बांधलेल्या हव्यात.