निकालांचे सादरीकरण वाचताना: नफा आणि रोकड
(आमच्या खातेदारांसाठी माहितीपत्रक)

मार्चअखेर संपलेल्या वर्षाचे निकाल सूचिबद्ध कंपनीने 60 दिवसांच्या आत शेअर बाजाराला कळवायचे असतात, आणि त्यांच्यासोबत बहुतेक कंपन्या रंगीत आलेखांचे एक सादरीकरणही देतात. निकाल लेखापरीक्षित असतात. सादरीकरणात कोणती गुणोत्तरे दाखवायची हे मात्र कंपनीच ठरवते. म्हणून ही दोन्ही कागदपत्रे शेजारी ठेवून वाचावीत, असे आम्ही सुचवतो.

उदाहरणासाठी यंत्रांचे सुटे भाग करणारी एक काल्पनिक कंपनी घेऊ. ठळक बाबींच्या पानावर विक्री 80 कोटींवरून 100 कोटींवर आणि निव्वळ नफा 6 कोटींवरून 9 कोटींवर गेल्याचे दिसते. व्याज, घसारा व कर वजा करण्यापूर्वीचा नफा, म्हणजे एबिटडा, विक्रीच्या 14 टक्क्यांवरून 17 टक्के झाल्याचेही सांगितलेले असते. निकालांच्या तक्त्यात 'इतर उत्पन्न' या ओळीवर मात्र जमीनविक्रीतून आलेला 3 कोटींचा नफा सापडतो. तो वगळला तर 17 कोटींचा एबिटडा 14 कोटींवर येतो, म्हणजे धंद्यातील नफ्याचे प्रमाण जागचे हललेलेच नाही. एबिटडाची व्याख्या लेखामानकांत नसल्यामुळे इतर उत्पन्न त्यात धरले आहे की नाही, हे पानाच्या तळटीपेत पाहावे लागते.

यानंतर ताळेबंद उघडावा. ग्राहकांकडील येणी 16 कोटींवरून 30 कोटी झाली आहेत. येण्यांना विक्रीने भागून 365 ने गुणले की वसुलीचे दिवस मिळतात: गेल्या वर्षी 73, यंदा सुमारे 110. आता 9 कोटींच्या नफ्यात 3 कोटींचा घसारा मिळवावा, जमिनीचे 3 कोटी आणि येण्यांतील 14 कोटींची वाढ वजा करावी, पुरवठादारांची देणी 2 कोटींनी वाढली असतील तर ती मिळवावी. व्यवसायातून आलेली रोकड उणे 3 कोटी निघते. व्याजाचा खर्च 50 लाखांवरून 2 कोटींवर का गेला, याचे उत्तर बहुधा येथेच आहे: माल उधारीवर गेला आणि ती उधारी बँकेच्या कर्जाने पेलली.

एवढ्यावरून कंपनीला दोषी धरणे मात्र घाईचे ठरेल. सरकारी कामे करणाऱ्या कंपन्यांची बिले मार्चमध्ये एकदम लागतात आणि वसुली पुढील महिन्यांत होते. सप्टेंबरअखेरच्या ताळेबंदात येणी उतरली का, हे तपासावे; जून आणि डिसेंबर तिमाहीच्या निकालांत ताळेबंद सहसा नसतो. वार्षिक अहवालात येण्यांची वयोमानानुसार विभागणी असते, आणि सहा महिन्यांहून जुनी रक्कम वाढत असेल तर मोसमाचे कारण पुरेसे पडत नाही.

पुढील वाटचालीच्या पानासाठी आमची एकच सवय आहे: गेल्या वर्षीचे सादरीकरण शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून काढून त्यातील तेच पान शेजारी ठेवावे. हाती असलेल्या मागण्यांचा आकडा मोठा असला, तरी त्या किती महिन्यांत पुरवायच्या आहेत हे लिहिलेले नसेल, तर त्यावरून पुढील वर्षाच्या विक्रीचा अंदाज आम्ही बांधत नाही.