मूर्ती आधी उलटी करून बघा

मागच्या वर्षी मावशीने पुण्यातल्या एका प्रदर्शनातून गणपती आणला, नऊ इंच, पांढराशुभ्र, विकणारा म्हणाला जयपूरचं संगमरवरी हातकाम आहे ताई, एकेक मूर्ती वेगळी. मावशी खूश. मी म्हटलं जरा उलटा करून बघू का, तर आधी ओरडा खाल्ला, देव असा उलटा करतात का म्हणून. पण अजून पूजा झाली नव्हती, म्हणून परवानगी मिळाली.

खाली हिरवं वेलवेट चिकटवलेलं. आता वेलवेट असलं म्हणजे माल खोटाच असं नाही, टेबलाला ओरखडे पडू नयेत म्हणून खऱ्या दगडालाही लावतात. पण एक कोपरा सुटला होता तो हळूच उचलला तर आत सुईच्या टोकाएवढी गोल गोल भोकं, दहा-बारा तरी असतील. तिथेच खेळ संपला, कारण संगमरवर म्हणजे कॅल्साइटचे स्फटिक एकमेकांत घट्ट अडकलेले, त्याचा टवका उडाला तर खडबडीत खळगा पडतो आणि उजेडात साखरेसारखं चमकतं, असे गोल बुडबुडे त्यात होत नाहीत.

बुडबुडे बुडालाच का, तर साच्यातली मूर्ती ओततात उलटी. रबराचा साचा डोकं खाली करून ठेवायचा, पॉलिएस्टर रेझिन नावाच्या पातळ प्लॅस्टिकमध्ये संगमरवराची पूड आणि ते घट्ट करणारं हार्डनर घालून ढवळायचं आणि वरून ओतायचं. ढवळताना हवा शिरते, मिश्रण काकवीसारखं घट्ट, हवा हळूहळू वर येते आणि तोपर्यंत माल घट्ट होत जातो. म्हणजे ओतताना जो वरचा भाग तोच आपल्याकडे येताना बूड. मग ते घासून सपाट करतात, त्यात बुडबुडे फुटून भोकं उघडी पडतात, आणि वर वेलवेट.

मावशीचा तरी विश्वास बसेना, छिन्नीच्या खुणा दिसतायत की म्हणे. दिसत होत्याच, सोंडेच्या मागे, एकदम छान. पण रबराचा साचा मूळ मूर्तीवरची प्रत्येक खूण जशीच्या तशी उचलतो, अगदी बोटाचा ठसासुद्धा. म्हणून दुकानात तशीच दुसरी मूर्ती मागायची आणि तोच ओरखडा त्याच जागी आहे का बघायचं. शिवाय खऱ्या संगमरवरावर टाकी सरळ आपटली की घावाखाली बारीक पांढुरका डाग राहतो, स्फटिकांमध्ये सूक्ष्म तडे जाऊन उजेड विखुरतो म्हणून. साच्यात खुणेचा आकार येतो, हा मुका मार येत नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात ना, ते घाव शब्दशः शोधायचे.

शेवटी किचनमधला वजनकाटा काढला. मूर्ती कोरडी 2140 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याची बादली ठेवून आकडा शून्य केला, मूर्ती दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरली, तळाला टेकू दिली नाही, काटा म्हणाला 1190. म्हणजे मूर्तीचं आकारमान 1190 घनसेंटीमीटर, भागाकार केला की घनता 1.8. संगमरवराची साधारण 2.7 असते. मावशी गप्प. (आत वजनासाठी काही भरलं असेल तर हा आकडा फसवू शकतो, त्यामुळे एकट्या काट्यावर निकाल देऊ नका.)

खरी पंचाईत पुढे. मावशीच्या शेजाऱ्यांकडचा मारुती याच काट्यावर 2.7 आला, म्हणजे दगड अस्सल, बूडही ब्लेडने कापलेलं, ब्लेडचे कमानीसारखे ओरखडे स्पष्ट. पण मोबाईलचा टॉर्च आडवा धरून कानामागे पाहिलं तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास अंतरावर समांतर रेघा, सगळ्या एकाच दिशेने, केसांवरून खांद्यावर तशाच सरळ उतरलेल्या. हे सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरीव मशीनचं काम. तिथे गोल टोकाचं फिरतं बिट शेतात नांगर चालवावा तसं ओळीने जातं, त्याला कान संपला आणि खांदा सुरू झाला याच्याशी काही देणंघेणं नसतं. कारागिराची छिन्नी मात्र आकाराबरोबर वळते, गालावर गोल, वस्त्राच्या चुणीत लांब, आणि खोली कमीजास्त होते. मशीनला अजून एक अडचण, बिटच्या टोकापेक्षा बारीक कोपरा त्याला कापताच येत नाही, म्हणून बोटांच्या मधल्या खाचा तळाशी गोलसर राहतात.

आता ग्राइंडर तर हाताने कोरणारेही वापरतात, त्याला फसवणूक म्हणणं मला पटत नाही. आणि मशीनवर कापून फक्त चेहरा हाताने उठवलेल्या मूर्तीही असतात, विकताना पूर्ण हातकाम म्हणून विकल्या तर आक्षेप. पण दर्शनी भागाला पॉलिश मारलं की सगळ्या खुणा जातात, तिथे बघून काही कळत नाही. काखेत, कानामागे, पायांच्या मधे आणि बुडाला बघायचं, जिथे पॉलिशवाल्याचा हात पोचत नाही किंवा त्याला कंटाळा येतो. लिंबू पिळून फेस येतो का बघणं तर अजिबात नको, रेझिनमध्येही संगमरवराची पूड असते त्यामुळे खरवडलेल्या जागी तोही थोडा फसफसू शकतो, आणि खऱ्या मूर्तीचं पॉलिश जातं ते वेगळंच.

मावशीने गणपती परत केला नाही. वेलवेटचा कोपरा फेविकॉलने चिकटवला आणि शोकेसमध्ये ठेवला, फक्त आता कोणी विचारलं तर जयपूरचं नाव घेत नाही.