खर्च-बचतीच्या यंत्रांची निवड : केवळ खर्चाच्या वर्तमान मूल्याची तुलना

एकच काम करणाऱ्या दोन यंत्रांपैकी कोणते घ्यावे, हे ठरविण्याची एक पद्धती. दोन्ही यंत्रांमुळे कारखान्याचे उत्पन्न सारखेच राहते आणि फरक फक्त खर्चात पडतो, तेव्हा उत्पन्नाची बाजू हिशेबातून वगळता येते. मग प्रत्येक यंत्राची खरेदी, वीज, देखभाल आणि अखेरीस भंगारातून येणारी रक्कम (वजा करून) ठरावीक वटाव दराने, म्हणजे पुढच्या वर्षांतल्या रकमेची आजची किंमत काढण्यासाठी धरलेल्या वार्षिक दराने, आजच्या रुपयांत आणली जाते. ज्याची बेरीज कमी, ते यंत्र सरस. ही बेरीज म्हणजेच ‘खर्चाचे वर्तमान मूल्य’.

पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. वर्तमान मूल्याची कोष्टके छापून सर्वांसाठी खुली करण्याचे श्रेय सामान्यतः नेदरलँड्समधील सिमोन स्टेव्हिन याला दिले जाते (१५८२). मात्र त्याचा प्रश्न कर्जाच्या व हप्त्यांच्या पर्यायांचा होता, यंत्रांचा नव्हे. दुसरा धागा जर्मन वनशास्त्रातला आहे. मार्टिन फाउस्टमान याने १८४९ मध्ये एकाच जमिनीवर लावणी–तोडणीचे चक्र अखंड चालू राहील असे धरून जमिनीचे मूल्य काढले. आयुष्ये वेगळी असलेल्या यंत्रांची तुलना आज ज्या ‘पुनरावृत्तीच्या’ गृहीतकावर चालते, ते तत्त्वतः हेच. पण फाउस्टमानचा हिशेब उत्पन्नाचा होता. तिसरे मत अमेरिकी रेल्वे-अभियंता आर्थर वेलिंग्टन याला मान देते. रेल्वेमार्गाची आखणी करताना आज जास्त खर्चून चढ कमी करावा की दरवर्षीचा इंधनखर्च सोसावा, हा त्याचा प्रश्न होता. त्याचे लेखन १८७७ च्या सुमारास पुस्तकरूपाने आले आणि १८८७ मध्ये बरेच वाढवून पुन्हा निघाले. म्हणून संदर्भग्रंथांत ही दोन्ही साले आढळतात. आज खर्च की पुढे खर्च, हा पेच त्याच्याकडे जितका स्वच्छ दिसतो तितका आधीच्या दोघांकडे दिसत नाही. त्यामुळे या पद्धतीचे मूळ अभियंत्यांकडे शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. १९३० मध्ये युजीन ग्रँट याने विषयाला अध्यापनयोग्य शिस्त लावली. वित्तव्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत हा विचार रुळला तो मुख्यतः १९५० नंतर.

नागपूरच्या औद्योगिक इतिहासातले यंत्रनिवडीचे उदाहरण म्हणून १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या एम्प्रेस मिल या कापडगिरणीचा आणि तिथे पुढे आलेल्या, सूत कातणाऱ्या रिंग चात्यांचा उल्लेख कधी कधी केला जातो. ते या नोंदीच्या कक्षेत बसत नाही. रिंग चात्यांनी सुताचे उत्पादनच बदलले, म्हणजे उत्पन्नही बदलले. अशा ठिकाणी केवळ खर्च मोजून भागत नाही.

पद्धतीचा कस लागतो तो दोन यंत्रांची आयुष्ये वेगळी असतात तेव्हा. हिंगणा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्याचे उदाहरण कल्पू. त्याला हवेचा स्क्रू कॉम्प्रेसर घ्यायचा आहे आणि हातात दोन कोटेशने आहेत. पहिला ठरावीक वेगाचा, किंमत ८ लाख रुपये, आयुष्य ६ वर्षे. दुसरा मागणीप्रमाणे वेग बदलणारा (ड्राइव्ह असलेला), किंमत १४ लाख, आयुष्य १० वर्षे. कारखाना दोन शिफ्टमध्ये वर्षाला ४,८०० तास चालतो आणि हवेची सरासरी मागणी क्षमतेच्या निम्मी आहे. पहिला कॉम्प्रेसर निम्मा वेळ लोडवर ४० किलोवॉट घेतो. उरलेला निम्मा वेळ तो अनलोड असतो. हवा देत नाही, तरी १२ किलोवॉट ओढतच राहतो. वर्षाची वीज होते १,२४,८०० युनिट. दुसरा सरासरी २१.६ किलोवॉटवर चालतो. त्याची १,०३,६८० युनिट. युनिटचा दर ९ रुपये धरला आणि देखभाल पहिल्याची सुमारे ७७ हजार, दुसऱ्याची (ड्राइव्हमुळे जास्त) सुमारे १ लाख २ हजार धरली, तर वार्षिक चालू खर्च अनुक्रमे १२ लाख आणि १० लाख ३५ हजार येतो. वटाव दर १२ टक्के.

पहिल्याचे सहा वर्षांच्या खर्चाचे वर्तमान मूल्य ५७.३४ लाख, दुसऱ्याचे दहा वर्षांचे ७२.४८ लाख. नेमकी येथे चूक होते. कमी आकडा पाहून पहिला कॉम्प्रेसर घेतला जातो. पण ५७.३४ लाखांत सहा वर्षांची हवा मिळते आणि ७२.४८ लाखांत दहा वर्षांची. सेवा सारखी नसेल तर खर्चाची तुलनाच होत नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे दोन्ही आयुष्यांचा लघुतम साधारण विभाज्य घेणे. येथे तो ३० वर्षे येतो: पहिल्या प्रकारची पाच यंत्रे एकापाठोपाठ, दुसऱ्याची तीन. दुसरा, व्यवहारात अधिक सोयीचा उपाय म्हणजे वर्तमान मूल्याला त्या त्या मुदतीच्या वार्षिकी गुणकाने, म्हणजे तेवढी वर्षे दरवर्षी मिळणाऱ्या एका रुपयाच्या एकूण वर्तमान मूल्याने, भागून ‘सममूल्य वार्षिक खर्च’ काढणे. १२ टक्क्यांना सहा वर्षांचा गुणक ४.१११४ आणि दहा वर्षांचा ५.६५०२ आहे. त्यानुसार पहिला वर्षाला १३.९५ लाखांना पडतो, दुसरा १२.८३ लाखांना. महागडे यंत्र वर्षाला १ लाख १२ हजारांनी स्वस्त ठरले. दोन्ही उपायांतून क्रम एकच येतो, कारण दोहोंतले गृहीतकही एकच आहे: यंत्र संपले की तसेच यंत्र, त्याच किमतीला, पुन्हा घेतले जाईल.

हे गृहीतक सगळीकडे टिकत नाही. समजा कारखाना एकच शिफ्ट चालतो आणि भाड्याच्या शेडचा करार सहा वर्षांत संपतो. वीज निम्मी होते. देखभाल तेवढीच धरली तर चालू खर्च पहिल्याचा ६.३८ लाख आणि दुसऱ्याचा ५.६८ लाख. कराराकडे दुर्लक्ष करून सममूल्य वार्षिक खर्च काढला तर दुसरा अजूनही वर्षाला साधारण १७ हजारांनी स्वस्त दिसतो. पण सहा वर्षांनंतर हवाच नको आहे, तेव्हा दहा वर्षांवर पसरलेली किंमत येथे लागू होत नाही. दोघांचाही हिशेब सहा वर्षांतच मिटवला पाहिजे. तो केला की दुसऱ्याचा खर्च पहिल्यापेक्षा आजच्या रुपयांत ३ लाख १२ हजारांनी जास्त निघतो. तो भरून निघायला सहा वर्षे वापरलेल्या त्या कॉम्प्रेसरला सुमारे ६ लाख १७ हजार रुपये मिळायला हवेत. म्हणजे प्रश्न आता विजेचा उरत नाही. जुन्या मालाचा व्यापारी किती देईल, यावर सारे येऊन ठेपते, आणि ते आधीच विचारून घेता येते. (दोन शिफ्ट असत्या तर दुसरा भंगारात शून्य रुपये येऊनही सहा वर्षांत सरस ठरला असता.)

वटाव दराच्या बाबतीत खर्चाची तुलना उत्पन्नाच्या तुलनेपेक्षा फसवी असते. दर वाढला की पुढच्या खर्चाचे वजन कमी होते, म्हणून चढा दर नेहमी स्वस्त खरेदी आणि महाग चालवणूक असलेल्या यंत्राच्या बाजूने झुकतो. वरच्या एका शिफ्टच्या उदाहरणात शेडचा करार बाजूला ठेवला आणि दर १८ टक्के केला, की पहिला कॉम्प्रेसर सरस ठरतो. दर खरोखरच तेवढा असेल, उदाहरणार्थ उसना पैसा त्याच भावाने मिळत असेल, तर त्यात गैर काही नाही. गोंधळ होतो तो विजेचे दर अनिश्चित आहेत म्हणून ‘जोखीम धरून’ दर चढवला जातो तेव्हा. पहिल्या कॉम्प्रेसरची दोन शिफ्टची सहा वर्षांची वीज १२ टक्क्यांनी ४६.१८ लाखांची होते, १८ टक्क्यांनी ३९.२८ लाखांची. अनिश्चितता वाढली आणि खर्च सुमारे ७ लाखांनी घटला, असा उफराटा निष्कर्ष निघतो. ज्या खर्चाची भीती आहे त्याची रक्कमच वाढवून पाहावी, दर नव्हे, असे मत अभियांत्रिकी अर्थशास्त्रात बऱ्यापैकी मान्य आहे. वीज दहा वर्षे ९ रुपयांनीच मिळेल असे धरून बँकेचा, महागाईसह असलेला दर लावणे ही त्याच जातीची चूक. त्यात चालू खर्चात बचत करणाऱ्या यंत्रावर अन्याय होतो.

कराचा भाग भारतात थोडा निराळा आहे. चालू खर्च करपात्र नफ्यातून वजा होतो, म्हणून २५ टक्के कर धरल्यास बचतीचाही चौथा हिस्सा जातो. उलट किमतीवर घसाऱ्याची वजावट मिळते. सर्वसाधारण यंत्रांना ती घटत्या शिल्लकेवर १५ टक्के असते, आणि करहिशेबात यंत्र सारख्या दराच्या मालमत्तांच्या ‘गटात’ मिसळत असल्याने सहसा ते विकल्यानंतरही उरलेल्या शिल्लकेवर चालू राहते. १२ टक्के वटाव दराने या वजावटीचे वर्तमान मूल्य किमतीच्या साधारण १४ टक्के भरते. ६ लाखांच्या जादा किमतीपैकी सुमारे ८३ हजार त्यातून परत येतात. करोत्तर रकमांना करोत्तर दरच लावावा लागतो. जीएसटीची वजावट मिळणाऱ्या कारखान्याने यंत्राची किंमत जीएसटी वगळून धरावी. विजेवर जीएसटी नसल्याने तिथे असा फरक पडत नाही.

‘सेवा सारखी’ ही मूळ अट कागदावर सोपी दिसते, जागेवर तितकी नसते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये कॉम्प्रेसरच्या खोलीतली हवा त्याहून तापते. ड्राइव्हची क्षमता सहसा ४० अंशांपर्यंतची सांगितलेली असते; त्यावर ती कमी धरावी लागते. ठरावीक वेगाचा कॉम्प्रेसरही तेल तापले की ट्रिप होतो. दोहोंपैकी एक यंत्र उन्हाळ्यात दुपारी बंद पडत असेल तर दोघांची सेवा सारखी राहिली नाही. अशा वेळी बंद तासांचे नुकसान त्या यंत्राच्या खर्चात घालावे, किंवा मोठ्या क्षमतेच्या ड्राइव्हची व खोलीतली गरम हवा बाहेर काढणाऱ्या डक्टची किंमत त्यात मिळवून मगच तुलना करावी. कोटेशनमध्ये क्षमता कोणत्या तापमानाला मोजली आहे, हे बहुधा तळाशी बारीक अक्षरात दिलेले असते.