मंगळानंतर बुध का येतो? ग्रहांचा क्रम सांगणारी एक कविता

तिसरी-चौथीतल्या मराठी मुलाला सूर्यापासूनचे ग्रह क्रमाने विचारले, तर एक विशिष्ट चूक पुन्हा पुन्हा कानावर येते. मूल 'मंगळ' म्हणते आणि त्याच दमात 'बुध' म्हणून मोकळे होते. ही चूक अभ्यास न केल्यामुळे होत नाही. शाळेत जाण्यापूर्वीच त्याने सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार ही साखळी पाठ केलेली असते, आणि ग्रहांची नावे तिच्यातलीच असल्यामुळे जीभ जुन्या वळणाने जाते. म्हणून ग्रहांच्या क्रमासाठी मराठीत कविता रचायची, तर तिला कोऱ्या पाटीवर लिहायचे नसून आधी पक्क्या झालेल्या एका क्रमावर मात करायची आहे, हे ध्यानात ठेवावे लागते.

वारांचा क्रम मुळात अंतराचा नाही. प्राचीन निरीक्षकांनी आकाशातील सात ज्योतींना, त्या किती सावकाश सरकताना दिसतात त्यावरून, शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असे लावले होते. दिवसाचे चोवीस होरे मानून प्रत्येक होरा याच क्रमाने एकेका ज्योतीला दिला आणि पहिल्या होऱ्याच्या स्वामीचे नाव त्या दिवसाला दिले. चोवीसला सातने भागले की तीन उरतात, त्यामुळे प्रत्येक नव्या दिवशी क्रम तीन घरे पुढे उडी घेतो: शनीनंतर रवी, रवीनंतर चंद्र म्हणजे सोम, सोमानंतर मंगळ, मंगळानंतर बुध. मुलाच्या तोंडी बसलेला 'मंगळ-बुध' हा जोड अशा उड्यांतून तयार झालेला आहे.

या सवयीवर मात करण्यासाठी पुढील आठ ओळी रचल्या आहेत.

पहिला बुध, तापते दूध
दुसरा शुक्र, ढगांचे चक्र
तिसरी पृथ्वी, निळी नि हिरवी
चौथा मंगळ, धुळीचे वादळ
पाचवा गुरू, थोरले सुरू
सहावा शनी, कड्यांचा धनी
सातवा युरेनस, अंगात आळस
आठवा नेपच्यून, नावाला ऊन

अशा कवितेची परीक्षा घेण्याची एक सोपी रीत आहे. दोन ग्रहांची नावे अदलाबदल करून ओळी मोठ्याने म्हणाव्यात आणि कानाला खटकते का ते पाहावे. ज्या कवितेत 'शनी' आणि 'गुरू' यांच्या जागा बदलूनही ताल आणि यमक शाबूत राहते, ती कविता नावे लक्षात ठेवायला मदत करील, क्रम मात्र राखणार नाही. वरच्या ओळींत 'पाचवा शनी, थोरले सुरू' असे म्हणताच यमक मोडते. परंतु कोणी संपूर्ण ओळच हलवली आणि 'पाचवा शनी, कड्यांचा धनी' असे म्हटले, तर यमक काहीच तक्रार करत नाही. तेथे अर्थाने पहारा करावा लागतो. 'थोरले सुरू' हे शब्द चार राक्षसी ग्रहांची सुरुवात सांगतात, म्हणून ते शनीच्या आधीच शोभतात. पृथ्वीच्या ओळीला तर मराठी व्याकरणच कुलूप लावते, कारण आठांपैकी पृथ्वी हे एकच नाव स्त्रीलिंगी असल्यामुळे 'तिसरी' हे रूप दुसऱ्या कोणत्याही ग्रहाला चालत नाही.

बुध आणि शुक्र हा सांधा सर्वांत कच्चा होता. 'पहिला' आणि 'दुसरा' हे दोन्ही शब्द पृथ्वीखेरीज कोणत्याही ग्रहाशी सारख्याच सहजतेने जोडले जातात, म्हणून येथे प्रतिमांची साखळी उपयोगी पडते: सूर्य ही चूल, चुलीला सर्वांत लागून दुधाचे पातेले, तापलेल्या दुधाची वाफ वर जाऊन ढग, आणि ढगांखाली हिरवीगार पृथ्वी. मूल ही गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगू लागले की ओळी उलटसुलट होणे कठीण होते.

मात्र याच ठिकाणी शिक्षकाने सावध राहिले पाहिजे, कारण चुलीच्या उपमेतून मूल 'बुध सर्वांत तप्त' असा निष्कर्ष काढते आणि तो चुकीचा आहे. बुधावर दिवसा तापमान सुमारे 430 अंश सेल्सिअसपर्यंत चढते, पण उष्णता धरून ठेवणारे वातावरण जवळजवळ नसल्यामुळे रात्री ते उणे 180 अंशांपर्यंत घसरते. शुक्राभोवती कार्बन डायऑक्साइडचे अतिशय दाट वातावरण आहे. ते उष्णता बाहेर निसटू देत नाही, म्हणून तेथे दिवसरात्र सुमारे 465 अंश तापमान असते. शुक्राचे ढगही वाफेचे नसून मुख्यतः सल्फ्युरिक आम्लाच्या थेंबांचे आहेत. 'ढगांचे चक्र' हे शब्द मात्र अक्षरशः खरे आहेत: शुक्राला स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करायला 243 दिवस लागतात, तर त्याचे वरच्या थरातील ढग सुमारे चार दिवसांत ग्रहाला प्रदक्षिणा घालतात.

युरेनसच्या ओळीतला आळसही निराधार नाही. त्याचा अक्ष सुमारे 98 अंशांनी कललेला असल्यामुळे तो कुशीवर लोळत सूर्याभोवती फिरतो, आणि ही ओळ म्हणताना मुलांनी एका बाजूला कलंडून दाखवले तर ती हमखास स्मरणात राहते.

पाठांतर झाले का, हे सुरुवातीपासून म्हणवून घेऊन कळत नाही, कारण गाणे सुरू झाले की ते स्वतःच्या वेगाने शेवटपर्यंत जाते. मधूनच विचारावे: कड्यांचा धनी कोण, आणि त्याच्या अलीकडे कोण? पहिल्याचे उत्तर यमक लगेच देते. दुसऱ्यासाठी मुलाला मनात मागे यावे लागते, आणि ते थबकून 'गुरू' म्हणाले तर क्रम रुजला असे समजावे. 'मंगळाच्या पुढे कोण' हा प्रश्न मात्र बुधवारी विचारून पाहावा, कारण वारांची जुनी साखळी त्या दिवशी जिभेवर असते.

कवितेची एक मर्यादा तिच्या तालातच आहे. प्रत्येक ओळ जवळपास सारख्याच वेळात म्हटली जाते, त्यामुळे ग्रह सारख्या अंतरावर उभे आहेत असे मुलाच्या मनात बसते. ही समजूत वर्गात बसून दूर होत नाही. मैदानावर एका टोकाला सूर्य म्हणून एक मूल उभे करावे आणि सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचे अंतर, म्हणजे सुमारे 15 कोटी किलोमीटर, एका पावलाएवढे मानावे. बुध अर्ध्या पावलाच्याही आत येतो, शुक्र पाऊण पावलाच्या जरा अलीकडे आणि मंगळ दीड पावलावर, त्यामुळे पहिल्या चार ओळी म्हणणारी मुले एकमेकांना खेटून उभी राहतात. त्यानंतर सगळ्यांना गप्प राहून चालावे लागते, कारण 'पाचवा गुरू' म्हणण्याची जागा सूर्यापासून पाच पावलांच्या किंचित पुढे आहे. शनी साडेनऊ पावलांवर, युरेनस एकोणीस पावलांवर आणि नेपच्यून तिसाव्या पावलावर येतो. तिसाव्या पावलावरच्या मुलाने मागे वळून सूर्य झालेल्या मित्राकडे पाहावे. पृथ्वीच्या तीसपट दूर असल्यामुळे तेथे सूर्यप्रकाश तीस गुणिले तीस, म्हणजे नऊशे पटींनी क्षीण होतो, हे त्याला तेथेच सांगावे आणि मग शेवटची ओळ म्हणायला लावावी: आठवा नेपच्यून, नावाला ऊन.