रोज थोडा थोडा चढणारा ताप: टायफॉइडची तपासणी कोणत्या दिवशी करायची?

पावसाळा लागला की आमच्या लॅबच्या काउंटरवर एक वाक्य सतत ऐकू येतं: "विडाल करून टाका." काल संध्याकाळी ताप आलेला माणूस तेच म्हणतो आणि दहा दिवस तापाने पडलेलाही तेच म्हणतो. रक्त दोघांचंही काढता येतं, रिपोर्टही दोघांना मिळतो. पण त्या रिपोर्टचा अर्थ दोघांसाठी सारखा नसतो. टायफॉइडच्या बाबतीत कोणती तपासणी केली याइतकंच तापाच्या कितव्या दिवशी केली यालाही महत्त्व आहे. हे पत्रक त्यासाठीच काढलं आहे.

ताप कसा चढतो ते बघा

टायफॉइड, म्हणजे घरोघरी ज्याला मुदतीचा ताप म्हणतात तो, सहसा एकदम फणफणून येत नाही. दूषित पाण्यातून किंवा खाण्यातून जंतू पोटात गेल्यावर साधारण एक ते दोन आठवडे काहीच कळत नाही. मग एखाद्या संध्याकाळी कणकण जाणवते. सकाळी बरं वाटतं, माणूस कामाला जातो. संध्याकाळी पुन्हा ताप, कालच्यापेक्षा थोडा जास्त. असं करत आठवडाभरात तो 103-104 फॅरनहाइटपर्यंत पोचतो आणि मग सकाळीही पूर्ण उतरेनासा होतो. डोकं दुखतं, भूक मरते, जिभेवर पांढरट थर येतो. मोठ्यांना बऱ्याचदा शौचाला साफ होत नाही, लहान मुलांना उलट जुलाब होतात. आणि अशक्तपणा असा, की जिना चढताना मध्ये थांबावं लागतं.

सगळ्यांचा ताप इतक्या शिस्तीत चढत नाही. दर सहा तासांनी पॅरासिटामॉल चालू असेल तर या पायऱ्या पुसल्या जातात. म्हणून गोळी घेण्याआधी ताप मोजा आणि तारीख, वेळ, आकडा लिहून ठेवा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश कमी येतो, तेव्हा मोजायची जागा रोज एकच ठेवा. हा कागद डॉक्टरांना तर लागतोच, आम्हालाही लागतो. फॉर्मवर "तापाचा दिवस" असा रकाना आहे. तो रिकामा ठेवू नका किंवा अंदाजे "चार-पाच दिवस" असं लिहू नका. पहिली कणकण आली तो पहिला दिवस धरा.

पहिला आठवडा: ब्लड कल्चर

सुरुवातीच्या दिवसांत टायफॉइडचे जंतू रक्तातून फिरत असतात. तेव्हा रक्त घेऊन ते वाढवून बघणं हा सर्वांत सरळ मार्ग. या तपासणीला ब्लड कल्चर म्हणतात. तापाच्या पहिल्या आठवड्यात जंतू सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते. दुसऱ्या आठवड्यानंतर ती कमी होत जाते.

"एवढं रक्त कशाला?" हा प्रश्न नेहमी येतो. कारण असं, की या आजारात रक्तातले जंतू फार विरळ असतात. एका मिलिलिटरमध्ये एखादाच, कधी तोही नाही. म्हणून मोठ्या माणसाचं एका बाटलीसाठी 8 ते 10 मिलिलिटर रक्त आम्ही घेतो, लहान मुलांचं 2 ते 4. तीनच मिलिलिटर घेऊन बाटली भरली तर जंतू हुकण्याची शक्यता वाढते. बाटलीत त्यांच्या वाढीसाठी पोषक द्रव असतो आणि ती 37 अंश सेल्सिअसच्या यंत्रात ठेवतात. सुई टोचण्याआधी त्वचा दोनदा पुसून आम्ही थोडं थांबतो. तो वेळकाढूपणा नाही. त्वचेवरचे जंतू बाटलीत गेले तर रिपोर्टचा घोळ होतो.

या तपासणीसाठी उपाशी राहायची गरज नाही. "ताप भरला की फोन करतो, तेव्हा या," असंही काही जण सांगतात. टायफॉइडमध्ये तशी वाट बघायचं कारण नाही, जंतू रक्तात ताप उतरल्यावरही असतात. पॅरासिटामॉल घेतल्यानेही कल्चर बिघडत नाही.

बिघडतं ते अँटिबायोटिकने. घरात उरलेल्या पाकिटातल्या दोन गोळ्या, मेडिकलवाल्याने दिलेला तीन दिवसांचा कोर्स, एवढ्यानेही रक्तातले जंतू दबतात. आजार पुरता बरा होत नाही आणि बाटलीतही काही उगवत नाही. त्यामुळे कल्चर करायचं ठरलं असेल तर रक्त आधी, अँटिबायोटिक नंतर. गोळ्या घेऊन झाल्या असतील तर लपवू नका, नाव आणि वेळ सांगा. डॉक्टर निगेटिव्ह रिपोर्ट त्या हिशेबाने वाचतील.

सगळं नीट केलं तरी कल्चरमध्ये ढोबळमानाने दहापैकी सहाच रुग्ण सापडतात. बाकीच्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो, पण टायफॉइड असू शकतो. महाग तपासणी केली म्हणजे शंभर टक्के उत्तर मिळालं, असं आम्ही कुणालाही सांगत नाही.

विडाल कधी, आणि तिचा भरवसा किती

विडाल तपासणी 1896 पासून वापरात आहे. ती जंतू शोधत नाही. जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटिबॉडीज मोजते. त्या तयार व्हायला वेळ लागतो. 'ओ' प्रकारच्या साधारण सहा ते आठ दिवसांनी दिसू लागतात, 'एच' प्रकारच्या दहा ते बारा दिवसांनी. तेव्हा तिसऱ्या दिवशीची विडाल निगेटिव्ह आली, तर टायफॉइड नाही असा त्याचा अर्थ होत नाही. विचारायची घाई झाली, एवढाच होतो.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. आपल्याकडे टायफॉइड कायमचा मुक्कामाला असल्याने निरोगी माणसाच्या रक्तातही थोड्या अँटिबॉडीज सापडतात. पूर्वी होऊन गेलेला टायफॉइड, कधी कधी मलेरियासारखा दुसराच ताप, यांनीही आकडा वर जातो. रक्त ऐंशी पट पातळ करूनही 'ओ' अँटिबॉडीज दिसल्या, तर रिपोर्टवर 'टीओ 1:80' असं लिहितात. पण असा एकटा आकडा पाहून "टायफॉइड निघाला" असं म्हणणं बरोबर नाही. 1:160 किंवा त्यापुढचा आकडा, तोही दुसऱ्या आठवड्यात आणि लक्षणं जुळत असताना, जास्त वजनदार ठरतो. खात्रीचा मार्ग म्हणजे दहा-एक दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त तपासणं आणि आकडा चौपट वाढला का ते बघणं. म्हणजे 1:40 चा 1:160 झाला का. प्रत्यक्षात दुसऱ्यांदा फार थोडे लोक येतात, कारण तोवर उपचार सुरू होऊन ताप उतरलेला असतो.

कार्डवर रेघ उमटणारी टायफीडॉट आयजीएम तपासणी विडालपेक्षा थोडी लवकर, चार-पाच दिवसांनंतर पॉझिटिव्ह येऊ शकते. तीही अँटिबॉडीजचीच तपासणी आहे, तिच्याही चुका होतात.

एक उदाहरण

हे एका विशिष्ट व्यक्तीचं उदाहरण नाही, नेहमी दिसणाऱ्या घटनांवरून जुळवलं आहे. पंचविशीतला मुलगा, मेसमध्ये जेवणारा. रविवारी संध्याकाळी 99.8. सोमवारी सकाळी नॉर्मल, संध्याकाळी 100.6. मंगळवारी 101.4. मंगळवारीच तो स्वतः येऊन विडाल करून गेला. निगेटिव्ह आली, निर्धास्त झाला. गुरुवारी ताप 102.8 आणि पाय उचलवेनात. शुक्रवारी सकाळीही 101, तेव्हा डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टरांनी पोट तपासलं, तापाचा कागद पाहिला आणि सीबीसी, मलेरिया, डेंग्यू आणि ब्लड कल्चर लिहून दिलं. सीबीसीत पांढऱ्या पेशी 4,800 आणि त्यांतल्या इओसिनोफिल प्रकारच्या शून्य. एवढा ताप असून पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, हे टायफॉइडमध्ये नेहमी दिसतं. त्यावरून निदान होत नाही, संशय तेवढा बळावतो. मलेरिया निगेटिव्ह. डेंग्यूची एनएस1 तपासणी पहिल्या पाच दिवसांत जास्त उपयोगाची, आणि हा सहावा दिवस, म्हणून सोबत डेंग्यूच्या अँटिबॉडीजची आयजीएम तपासणीही केली. दोन्ही निगेटिव्ह. कल्चरचं रक्त घेतलं आणि त्याच दुपारी डॉक्टरांनी औषध सुरू केलं. रिपोर्टसाठी उपचार अडवून ठेवायचे नसतात.

शनिवारी रात्री यंत्राने बाटलीत वाढ असल्याचा इशारा दिला. रविवारी आम्ही डॉक्टरांना फोनवर प्राथमिक निष्कर्ष कळवला. मंगळवारी पूर्ण रिपोर्ट: साल्मोनेला टायफी, सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणारा, सेफ्ट्रिआक्सोन आणि अझिथ्रोमायसिनला दाद देणारा. रिपोर्टचा हा दुसरा भागच आमच्या मते कल्चरची खरी किंमत आहे. भारतात टायफॉइडचे बहुतेक जंतू आता सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटाला जुमानत नाहीत आणि विडाल याबद्दल काहीच सांगू शकत नाही.

रविवारी त्याला अजून 103 ताप होता. घरचे म्हणत होते, औषध लागू पडत नाही, बदलून घ्या. टायफॉइडमध्ये योग्य औषधानेही ताप उतरायला साधारण चार ते सहा दिवस लागतात. त्याचा बुधवारी उतरला. गुरुवारीच खोलीतल्या मित्राकडच्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या त्याने घेतल्या असत्या, तर बाटली कदाचित पाच दिवस गप्प राहिली असती आणि औषध अंदाजाने निवडावं लागलं असतं.

तपासणीची वाट बघू नये अशा वेळा

पोटात एकाएकी जोरात दुखणं किंवा पोट कडक होणं, काळी किंवा रक्ताची शौच, सतत उलट्या, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, लघवी फार कमी होणं: यातलं काही दिसलं तर लॅबमध्ये येऊ नका, थेट हॉस्पिटलमध्ये जा. आतड्याला छिद्र पडणं किंवा रक्तस्राव हे धोके बहुधा तिसऱ्या आठवड्यात येतात, पण आधीही येऊ शकतात. गरोदर बाई आणि लहान मूल असेल तर तापाचे दिवस मोजत घरी बसू नका.

बरं झाल्यावर

"टायफॉइड गेला का बघायला परत विडाल करा," असं म्हणत बरेच जण येतात. आम्ही ती करून देत नाही असं नाही, पण आधी सांगतो की पैसे वाया जातील. बरं झाल्यावरही अँटिबॉडीज कित्येक महिने राहतात, त्यामुळे रिपोर्ट पॉझिटिव्हच येण्याचा संभव जास्त आणि उगाच पुन्हा गोळ्या सुरू होतात. ताप पुन्हा आला तर मात्र या, कारण काही जणांना औषध संपल्यावर दोन-तीन आठवड्यांत आजार उलटतो. अशा वेळी पुन्हा ब्लड कल्चरच करावं लागतं. हॉटेल, मेस, अंगणवाडी अशा ठिकाणी स्वयंपाक करणाऱ्यांनी कामावर परतण्याआधी डॉक्टरांना शौचाच्या कल्चरबद्दल विचारावं. काही जणांच्या शौचातून बरं झाल्यावरही जंतू बाहेर पडत राहतात. त्या तपासणीचं निर्जंतुक डबीचं पाकीट काउंटरवर मिळेल. नमुना घेतल्यावर शक्यतो दोन तासांच्या आत आणून द्या.