वर्तुळाच्या आकृतीने संच शिकवणं (आठवीचा वर्ग, छंदांची मोजणी)

संच म्हणजे नेमकेपणाने सांगता येणाऱ्या गोष्टींचा गट, आणि दोन गटांत काही घटक सामाईक असतील तर ते एकमेकांत शिरलेल्या दोन वर्तुळांनी दाखवतात. या आकृतीला वेन आकृती म्हणतात, इंग्लिश तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1880 साली ती मांडली म्हणून हे नाव. आठवीच्या मुलांना हे शिकवायला वर्गातलेच छंद घेतले की बरं पडतं, कारण उत्तर बरोबर आलं का ते मान वर करून मोजता येतं.

आधी प्रश्न नीट ठरवावा लागतो. "छान चित्र काढणारे" हा संच होत नाही, कारण छान कोणाला म्हणायचं यावरच वाद होतो. "गेल्या आठवड्यात एकदा तरी चित्र काढलेले" म्हटलं की प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं.

समजा वर्गात 40 मुलं आहेत. चित्र काढणाऱ्यांनी हात वर केले तर 22, क्रिकेट खेळणाऱ्यांनी केले तर 25. आता दोन्हीपैकी काहीतरी करणारे किती असं विचारलं की निम्मा वर्ग पटकन 47 सांगतो, आणि मग कोणाच्यातरी लक्षात येतं की वर्गात तर 40 च आहेत! हा अडखळण्याचा क्षण फार कामाचा आहे, म्हणून बेरीज पटसंख्येच्या वर जाईल असेच छंद निवडावेत, नाहीतर चूक लपून राहते आणि मुलं तीच पद्धत पुढे नेतात.

मग फळ्यावर दोन वर्तुळं काढून रोल नंबर लिहायला लावायचे. रोल नंबर 7 वाली मुलगी चित्राच्या वर्तुळात आपला नंबर लिहिते, क्रिकेटच्या वर्तुळात पण लिहायला जाते आणि थांबते, कारण संचात एक घटक एकदाच लिहायचा असतो. तिचा नंबर मधल्या सामाईक भागात गेला की छेद म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. असे दोन्ही करणारे 12 निघाले तर फक्त चित्रवाले 22 − 12 = 10, फक्त क्रिकेटवाले 25 − 12 = 13, आणि 10 + 12 + 13 = 35. उरलेले 5 वर्तुळांच्या बाहेर पण चौकटीच्या आत, ती चौकट म्हणजे विश्वसंच, इथे अख्खा वर्ग. सूत्र याच्यानंतर द्यावं, आधी नाही. त्यात A म्हणजे चित्रवाले, B म्हणजे क्रिकेटवाले, n म्हणजे घटकांची संख्या, ∪ म्हणजे संयोग, दोन्हीपैकी काहीतरी करणारे सगळे, आणि ∩ म्हणजे छेद, दोन्ही करणारे:

n(A ∪ B) = n(A) + n(B) − n(A ∩ B)

वजा का करायचं तर ते 12 जण दोन्ही वेळा हात वर करून दोनदा मोजले गेलेत, म्हणून.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे 22 हा आकडा चंद्रकोरीसारख्या डाव्या भागात लिहिणं. मुलाने "चित्रवाले" चं मनातल्या मनात "फक्त चित्रवाले" केलेलं असतं. उपाय साधा आहे, भरायला नेहमी मधून सुरुवात करायची आणि 22 हा आकडा वर्तुळाच्या बाहेर, नावाशेजारी लिहायचा.

दुसरी अडचण गणिताची नाहीच, भाषेची आहे. "चित्र काढणारे आणि क्रिकेट खेळणारे उभे राहा" म्हटलं तर 35 जण उभे राहतात, म्हणजे बोलण्यातल्या "आणि" ने संयोग संच झाला, छेद नाही. छेद हवा असेल तर "चित्रही काढणारे आणि क्रिकेटही खेळणारे" असं म्हणावं लागतं, तो "ही" सोडला की प्रश्नच बदलतो. "किंवा" चं पण तसंच, बोलताना आपण दोनातलं एकच धरतो, गणितात दोन्ही करणारेही त्यात येतात. हे उभं राहून-बसून करून घेतल्याशिवाय पक्कं होत नाही असं माझं मत आहे.

तिसरं वर्तुळ घाई करून आणू नये, चौकटीत 8 भाग होतात आणि "दोन्ही करणारे 12" मध्ये तिसरा छंद असलेलेही आहेत हे विसरून तीच जुनी चूक परत होते.

त्यापेक्षा मधला 12 पुसून टाकावा आणि विचारावं, फक्त 40, 22 आणि 25 माहीत असतील तर दोन्ही करणारे कमीत कमी किती असतील? 47 − 40 = 7, आणि मग बाहेर कोणीच उरत नाही. जास्तीत जास्त? 22 च, कारण चित्रवालेच तेवढे आहेत, आणि तेव्हा चित्राचं वर्तुळ क्रिकेटच्या वर्तुळात पूर्ण आत जातं, म्हणजे उपसंच, आणि बाहेर 15 जण राहतात.